कोरियन मेसेजमधलं 'यो' मराठीत आणताना तू ठेवायचं की तुम्ही? एक छोटी चॅट घेऊन सविस्तर

कोरियन शिकणारे आणि सबटायटल करणारे बरेच जण एक सोपा नियम धरून बसतात, की वाक्याच्या शेवटी 'यो' असेल तर तुम्ही आणि नसेल तर तू. पाठ्यपुस्तकातल्या वाक्यांना हा नियम चालून जातो, पण दोन मैत्रिणींच्या काकाओटॉकवरच्या चार ओळींना लावला की सगळी जवळीक मरते आणि पोरी एकमेकींशी बँकेच्या काउंटरवर बोलल्यासारख्या वाटायला लागतात. म्हणून आज एकच छोटी चॅट घेऊया आणि ती शेवटपर्यंत नीट मराठीत आणूया, कुठे काय बघायचं ते ओघात येईलच.

पात्रं दोन. ऑफिसमधल्या दोघी, एक जरा मोठी, एक लहान, नुकतीच ओळख वाढलीये. मोठीने आज जेवायला नेलं, आता दोघी आपापल्या घरी. लहानीचा मेसेज आधी, मग मोठीचं उत्तर, मग परत लहानी:

```
언니~ 잘 들어갔어요? 오늘 진짜 고마웠어요ㅠㅠ 다음엔 제가 살게요! 푹 쉬어요~
응 나도 방금 왔어ㅋㅋ 너도 얼른 자. 그리고 이제 말 편하게 해~
그래도 돼요? 그럼... 언니 잘 자! ㅎㅎ
```

हे वाचायचं साधारण असं: ऑन्नी, जाल दुरॉगास्सॉयो? ओनुल जिन्जा गोमावॉस्सॉयो. दाउमेन जेगा साल्गेयो! फुक श्वीऑयो. त्यावर, उंग, नादो बांगुम वास्सॉ. नॉदो ऑल्लुन जा. गुरिगो इजे माल फ्यॉनहागे हे. आणि शेवटी, गुरेदो द्वेयो? गुरॉम... ऑन्नी जाल जा!

शब्दाला शब्द लावला तर पहिली ओळ मराठीत अशी होते: "दीदी, तुम्ही व्यवस्थित आत गेलात का? आज खरोखर आभारी होते. पुढच्या वेळी मी विकत घेईन! पूर्ण विश्रांती घ्या." असलं मराठी कुणीच कुणाला पाठवत नाही. आता हे दुरुस्त करूया, पण क्रमाने, कारण घाईत थेट वाक्यं गोड करायला घेतली की खालचे निर्णय घ्यायचे राहून जातात.

पहिलं काम: कोण कुणाला बोलतंय

कोरियन क्रियापदात स्त्री-पुरुष कळत नाही. 'वास्सॉ' म्हणजे आलो पण आणि आले पण. मराठीत मात्र पहिल्याच क्रियापदाला हे ठरवावं लागतं, पोचलीस की पोचलास, पोचलो की पोचले (कोल्हापूरकडच्या बऱ्याच बायका 'मी आलो' म्हणतात तो भाग वेगळा). त्यामुळे हाक कुठली मारलीये ते आधी शोधायचं. ऑन्नी म्हणजे बाईमाणसाने आपल्यापेक्षा मोठ्या बाईला मारलेली हाक, म्हणजे या एका शब्दात बोलणारी पण बाई, ऐकणारी पण बाई आणि ऐकणारी मोठी, इतकं सगळं मिळालं. तसंच ह्योंग असेल तर दोघंही पुरुष, नुना असेल तर बोलणारा मुलगा आणि समोरची मोठी मुलगी, ओप्पा असेल तर उलट, बोलणारी मुलगी आणि समोर मोठा मुलगा.

मेसेजमध्ये यातलं काहीच नसेल, नुसतं "बाप मॉगॉस्सॉ?", म्हणजे जेवणाची चौकशी, असेल, तर मागची चॅट चाळायची. तिथेही काही सापडलं नाही तर लिंग उघड न करणारी वाक्यरचना घ्यायची, आणि इथे मराठी खूप मदतीला येते कारण "जेवण झालं का?" हे कुणालाही चालतं आणि आपणही अगदी त्याच कारणासाठी विचारतो, जेवणाची चौकशी हे निमित्त आणि तू कशी आहेस हे खरं विचारायचं. तसंच "पोचलीस का" ऐवजी "पोचणं झालं का नीट?" जरा अवघडलेलं आहे, पण चुकीचं लिंग घालण्यापेक्षा बरं.

दुसरं: 'यो' एकटं बघायचं नाही, त्याच्या आत 'शी' आहे का बघायचं

पुस्तकात कोरियनचे सहा स्तर शिकवतात, पण मित्रमंडळींच्या चॅटमध्ये रोज दिसणारे दोनच. यो नसलेलं बानमाल आणि यो असलेलं आदराचं बोलणं. तिसरं ते 'सुम्निदा'वालं, ते चॅटमध्ये थँक्यू म्हणताना नाहीतर "येस सर" टाइप गमतीत डोकावतं.

आता महत्त्वाचं. 'यो' ऐकणाऱ्याला लागतं, म्हणजे मी तुझ्याशी किती अदबीने बोलतेय. आणि 'शी' लागतं ज्याच्याबद्दल बोलतोय त्याला, म्हणजे ती क्रिया करणाऱ्या माणसाला मान. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईशी बिनायोचं बोलणारी मुलगीसुद्धा "आजी आली" सांगताना 'शी' घालते, "हाल्मॉनी ओश्यॉस्सॉ", म्हणजे आईशी सलगी आणि आजीला मान एकाच वाक्यात. आपल्याकडे पण "आई, आजोबा आले गं" होतंच की, आईला गं आणि आजोबांना आले.

आता आपल्या मेसेजकडे परत बघा. लहानी 'दुरॉगास्सॉयो' म्हणतेय. पूर्ण अदब ठेवायची असती तर 'दुरॉगाश्यॉस्सॉयो' म्हणाली असती, मध्ये शी घालून. शेवटी 'श्वीऑयो' आहे, 'श्वीसेयो' नाही. म्हणजे यो ठेवलाय पण शी दोन्हीकडे सोडलाय. मोठ्या व्यक्तीशी असं बोलणं म्हणजे दार अर्धं उघडं आहे, मान आहे पण परकेपणा नाही. हीच चॅट 'श्यॉस्सॉयो' आणि 'सेयो'ने भरलेली असती तर मी मराठीत डोळे झाकून तुम्ही घेतलं असतं. इथे तसं करता येत नाही.

अजून एक खूण: सख्ख्या बहिणी एकमेकींशी शक्यतो बानमालच बोलतात. त्यामुळे ऑन्नी पण आहे आणि यो पण आहे असं दिसलं की बहुतेक वेळा ही बाहेर जोडलेली ताई असते, ऑफिसमधली, कॉलेजमधली, शेजारची.

तिसरं: दोघींचं बोलणं सारखं आहे का

लहानी यो लावतेय, मोठी लावत नाहीये. 'उंग', 'वास्सॉ', 'जा', सगळं बानमाल. म्हणजे वयाचा उतार आहे, वरून खाली मोकळं, खालून वर जरा सांभाळून. हा उतार मराठीत दिसायला हवा, कारण तो नसेल तर दोघी समवयस्क वाटतील, आणि समवयस्क असत्या तर पहिल्या दिवसातच "कितव्या सालचा जन्म?" विचारून मोकळ्या झाल्या असत्या. कोरियात एकाच सालात जन्मलेल्यांनाच सरळसरळ 'चिंगू' म्हणतात, एखाद-दोन वर्षांनी मोठी असलेली कितीही जिवाभावाची असली तरी ती ऑन्नीच.

चौथं: तू की तुम्ही

माझं ठाम मत आहे की कोरियन ते मराठी करणाऱ्याकडे एक फार मोठी सोय आहे जी आपण वापरतच नाही. मराठीत नात्याचा शब्द मान सांभाळतो आणि तू जवळीक सांभाळतो, आणि दोन्ही एकाच वाक्यात सुखाने नांदतात. "ताई तू जेवलीस का", "दादा तू येतोयस ना", "आई तू बस". यात कुणालाही उद्धटपणा वाटत नाही कारण ताई हा शब्द आदराचं काम आधीच करून गेलेला असतो. कोरियनमध्ये हेच काम ऑन्नी आणि यो मिळून करतात. म्हणून शी नसलेलं, ऑन्नी घातलेलं यो एकट्या मेसेजमध्ये आलं तर मी ताई अधिक तू घेते, तुम्ही नाही:

"ताईऽ नीट पोचलीस ना घरी? आज खरंच खूप थँक्यू गं! पुढच्या वेळी माझ्याकडून हां! आता मस्त आराम कर"

हा मेसेज एवढाच असता तर काम संपलं होतं. पण खाली अजून दोन ओळी आहेत, आणि मोठी म्हणतेय "माल फ्यॉनहागे हे", म्हणजे आता मोकळं बोल माझ्याशी, यो सोड. आणि तिसऱ्या ओळीत लहानी खरंच सोडते. 'जाल जा', यो गायब. ह्या अख्ख्या चॅटचा जीव त्या एका गळालेल्या यो मध्ये आहे. आता आपण पहिल्याच ओळीत तू वापरून बसलो तर मोठी कशाबद्दल बोलतेय हेच वाचणाऱ्याला कळणार नाही, आणि लहानीने शेवटी जे धाडस केलं ते करायला तिच्याकडे काही उरणारच नाही.

म्हणून नियम असा: तू-तुम्ही ठरवायच्या आधी चॅट शेवटपर्यंत वाचायची. कुठेतरी बोलणं बदलतंय असं दिसलं तर तू त्या क्षणासाठी राखून ठेवायचा आणि आधी तुम्ही वापरायचं, मग मूळ कोरियन तेवढं लांबचं नसलं तरी. सिरीजचे सबटायटल असतील तर हे एपिसोडभर आधी बघून ठरवावं लागतं, नाहीतर तिसऱ्या एपिसोडात तू करून बसता आणि आठव्यात पात्र विचारतं "आता मोकळं बोलू का?"

पाचवं: तुम्ही घेतलं तर ऊब कुठून आणायची

तुम्ही आलं की वाक्य आपोआप थंड होतं, ती ऊब दुसरीकडून भरून काढायची. मराठीत त्यासाठी छोटे शब्द भरपूर आहेत, ना, हां, की, बरं का, आणि गं-रे. पण सगळे तुम्हीसोबत चालत नाहीत. गं आणि रे तू सोबतचे आहेत, "थँक्यू गं ताई, तुम्ही आराम करा" वाचताना अडखळायला होतं. त्यामुळे पहिल्या ओळीत गं काढायचं आणि ना, हां वर भागवायचं.

"पोचलात का?" आणि "पोचलात ना?" यात पण फरक आहे. 'का' नुसती चौकशी करतो, 'ना'मध्ये काळजी येते, तू पोचली असशीलच पण सांग एकदा, असं. 'जाल दुरॉगास्सॉयो' शब्दशः "नीट आत गेलात?" आहे पण ते घरी सुखरूप पोचलीस ना याच अर्थाने विचारतात, म्हणून 'घरी' आणि 'ना' दोन्ही घालायचे.

'गोमावॉस्सॉयो'ला धन्यवाद किंवा आभारी आहे कधीच नको. कोरियनमध्ये थँक्यूला दोन घराणी आहेत, 'काम्साहाम्निदा' हे चिनी मुळाचं, जरा औपचारिक, आणि 'गोमाप्ता'वालं देशी, मऊ. लहानीने मऊ निवडलंय. आपल्याकडे धन्यवाद पत्रिकेवर आणि भाषणाच्या शेवटी येतं, मैत्रिणींमध्ये थँक्यू चालतं. थँक्यू इंग्रजी शब्द आहे म्हणून टाळू नका, चॅटमधलं खरं मराठी तेच आहे.

'जेगा साल्गेयो' मध्ये दोन खाचखळगे आहेत. एक म्हणजे साल्गेयो हे विकत घेणे आणि जगणे-राहणे या दोन्ही क्रियापदांचं सारखंच रूप आहे, त्यामुळे संदर्भ सुटला तर "पुढच्या वेळी मी जगेन" असलं काहीतरी भयंकर हाती येतं. इथे अर्थ आहे पैसे मी देणार, आणि त्याला आपण सरळ "माझ्याकडून" म्हणतो. दुसरं म्हणजे 'जे' हा स्वतःला लहान करणारा मी आहे, बानमालमध्ये तिथे 'नेगा' आलं असतं. मराठीत नम्र मी नाही. ते जातं, आणि जाऊ द्यायचं, त्याच्या जागी "ह्या लहानीकडून" वगैरे घालू नका, नाटकी होतं.

सहावं: चिन्हं

कोरियन चॅटमध्ये अक्षरांचे तुकडे भावनेसाठी वापरतात आणि ते भाषांतरात गाळले तर अर्धा सूर जातो. वरच्या कोरियन चॅटमध्ये थँक्यूनंतरचे दोन तुकडे म्हणजे डोळ्यातून ओघळणारं पाणी, पण ती रडत नाहीये, भरून आलंय एवढंच. मराठीत रडका इमोजी चालेल, किंवा "खूप खूप" दोनदा. मोठीच्या ओळीतलं 'ख्ख' हसणं आहे आणि शेवटचं 'ह्ह' जरा हळू, लाजरं हसणं. मी पहिल्याला हाहा आणि दुसऱ्याला हीही घेते. हसण्याचं अक्षर एकदाच आलं तर मात्र सावध, एकट्या 'ख'मध्ये कधीकधी टोमणा असतो, त्याला हाहा लावलं तर अर्थ उलटतो.

ती लाटेसारखी रेघ आवाज लांबवते, "ताईऽ" लिहिलं की झालं, पण प्रत्येक रेघेला अवग्रह नको. आणि पूर्णविराम बघा. चॅटमध्ये छोट्या वाक्यामागे टिंब आलं की कोरियात पण तुटक वाटतं आणि आपल्याकडे पण, "हो" आणि "हो." हे वेगळे मेसेज आहेत. तसंच 'ने', 'नेप' आणि 'नेंग', तिन्हीचा अर्थ हो, पण पहिलं साधं आणि कधी कोरडं, दुसरं कामातलं तत्पर, तिसरं लाडीक. मराठीत अनुक्रमे "हो", "हो हो, करते लगेच" आणि "होऽ" असं काहीतरी.

आता पूर्ण चॅट:

लहानी: "ताईऽ नीट पोचलात ना घरी? आज खरंच खूप खूप थँक्यू हां, पुढच्या वेळी माझ्याकडून! आता मस्त आराम करा"

मोठी: "हो गं, मी पण आत्ताच आले हाहा, तू पण झोप आता लवकर. आणि ते अहो-जाहो बास कर बरं, तू म्हण की मला"

लहानी: "तुम्हाला चालेल ना? मग... ताई, छान झोप तू! हीही"

तिसऱ्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. मूळात 'गुरेदो द्वेयो?' मध्ये यो अजून आहे, परवानगी विचारताना ती शेवटचं एकदा अदबीने विचारते, म्हणून मराठीत 'तुम्हाला' उघड लिहिलं, नुसतं "चालेल?" लिहिलं असतं तर हा शेवटचा तुम्ही दिसलाच नसता. मग ते तीन टिंबांचं थांबणं तसंच ठेवलं. आणि मग 'छान झोप तू', यात तू व्याकरणाने गरजेचा नाहीये, "छान झोप" पुरतं, पण इथे तो ऐकू आलाच पाहिजे. मोठीच्या ओळीत "मोकळं बोल" पेक्षा "अहो-जाहो बास कर" घेतलं कारण आपल्याकडे हे असंच सांगतात, आणि त्यामुळे वर लहानीने तुम्ही का वापरलं तेही वाचणाऱ्याला पटतं.

जिथे हमखास फसतं

ओप्पा. सख्खा भाऊ असेल तर दादा, कॉलेजातला सिनियर असेल तर बऱ्याचदा दादा चालतो, पण बॉयफ्रेंडला मारलेली हाक असेल तर मराठीत दादा लिहून सगळं नातंच बदलून जाईल. तिथे हाक सोडून द्यायची आणि "ऐक ना", "अरे", किंवा नुसतं नाव वापरायचं. जोडपं यो लावून बोलत असेल तरी मराठीत तू, कारण कोरियात कित्येक जोडपी प्रेमानेच यो ठेवतात.

'शी' लावलेलं नाव, म्हणजे सुजिन-शी (हे वरच्या क्रियापदातल्या शीपेक्षा वेगळं). त्याला 'सुजिनजी' करू नका, चॅटमध्ये ते हिंदी वाटतं. बरोबरीच्या सहकाऱ्यांमधली ही हाक आहे, मराठीत नुसतं सुजिन आणि तुम्ही पुरे. याउलट नावामागे 'आ' किंवा 'या' आलं तर ती जवळची हाक, तिथे "सुजिन, अगं" किंवा "ए सुजिन".

आणि उलटी उडी. नेहमी बानमाल बोलणारी मैत्रीण अचानक "आरास्सॉयो", म्हणजे "कळलं", असं लिहिते, यो लावून, आणि मागे टिंब देते. इथे आदर अजिबात वाढलेला नाही, ती रुसलीये. सुदैवाने मराठीत पण रुसलं की माणूस असाच वर चढतो, "बरं, तुम्ही म्हणाल तसं." मग तिथे तू चालू ठेवायचं नाही, मुद्दाम तुम्ही आणायचं, आणि टिंबही ठेवायचं. तेच वाक्य लाटेच्या रेघेने आणि हसण्याने संपलं असेल तर लाडाने मान दिलाय, तिथे "हो मॅडम, जशी आज्ञा" जास्त बसतं.

शेवटची तपासणी मी अशी करते. मराठी चॅट एकटी वाचायची, कोरियन झाकून, आणि फक्त क्रियापदांखाली खुणा करायच्या, कुठे तू आहे, कुठे तुम्ही. एकाच माणसाने मध्येच रूप बदललंय आणि मूळात तिथे काही बदललं नाहीये असं दिसलं तर तो आपला घोटाळा, बहुतेक आज्ञार्थात होतो, "पोचलात ना... आराम कर" असं. मग तीच चॅट एखाद्या कोरियन न येणाऱ्या मैत्रिणीला दाखवून दोनच प्रश्न विचारायचे, यातली मोठी कोण, आणि यांच्यात काय बदललं. दुसऱ्याचं उत्तर तिला तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून देता आलं पाहिजे. ती पहिल्या ओळीवरच अडली आणि "ह्या एवढ्या फॉर्मल का बोलतायत?" म्हणाली तर 'ना' आणि 'हां' कमी पडलेत, तुम्ही मात्र तसंच राहू द्यायचं.